घंटा वाजल्यावर कोण कुठे?

पडद्यावर एका वर्गाचा फळा दिसतो. त्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिले आहे: पट ४०, हजर ३७. लांबलचक, न थांबणारा टोल ऐकू येतो आणि पाठोपाठ एका बाईंचा संथ आवाज. "ही आगीची घंटा आहे. हातातले काम तिथेच ठेवा. उभे राहा. दाराकडे तोंड करून एक रांग करा." एवढ्यात वीस सेकंद जातात. पडद्यावर ज्वाळा नाहीत, सायरन नाही, मागे संगीतही नाही.

शाळा रिकामी करण्याची रंगीत तालीम घेण्याआधी मुलांना आणि शिक्षकांना दाखवायची फिल्म अशी सुरू व्हायला हवी. पाच मिनिटांची ही फिल्म शाळेतल्याच कुणाच्या तरी मोबाइलवर चित्रित होऊ शकते. खरा कस लागतो तो तिच्या संहितेत, कारण कागदावर जे वाक्य मोघम राहते, ते प्रत्यक्ष जिन्यावर गोंधळ बनून उतरते. बाहेरून आणलेली, दुसऱ्याच इमारतीत चित्रित केलेली तयार फिल्म इथे उपयोगाची नाही. मुलांना दिसायला हवा तो त्यांचाच व्हरांडा आणि त्यांचाच जिना.

उदाहरणासाठी महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत दिसते तशी एक शाळा डोळ्यांसमोर आणू. तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येक मजल्यावर चार वर्ग, प्रत्येक वर्गात ४० मुले, म्हणजे एकूण ४८०. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक जिना. पहिल्या जिन्याच्या पायथ्याशी पोषण आहाराची खोली, तिथे गॅसची शेगडी आणि सिलिंडर. दोन्ही जिन्यांच्या तोंडाशी सरकते जाळीचे दार. समोर मैदान, मैदानाच्या कडेला वडाचे झाड. आग स्वयंपाकाच्या खोलीत लागली असे धरू. ही भीती काल्पनिक नाही. तमिळनाडूतल्या कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातूनच आग सुरू झाली, वर्गांवरच्या झावळ्यांच्या छपरापर्यंत पोहोचली आणि ९४ मुले गेली. जिना अरुंद होता.

निवेदनापासून सुरुवात करू. संकटात माणसे सैरावैरा पळतात असा सर्वसाधारण समज आहे. आगीच्या वेळच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र उलटे चित्र अधिक वेळा दिसले आहे: माणसे हलतच नाहीत. घंटा ऐकूनही ती एकमेकांकडे बघत थांबतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराच्या भुयारी रेल्वे स्थानकात गिलेन प्रूल आणि जोनाथन साइम या संशोधकांनी प्रवाशांवर याचे प्रयोग केले आणि १९९१ मध्ये निष्कर्ष मांडले. नुसती घंटा वाजवली तेव्हा लोकांनी हलायलाच आठ मिनिटांहून जास्त वेळ घेतला. काय झाले आहे आणि कुठे जायचे आहे हे ध्वनिक्षेपकावरून स्पष्ट सांगितले, तेव्हा लोक दीड मिनिटाच्या आत निघाले. खरी गोष्ट सांगितल्याने कुणी बिथरले नाही.

म्हणून फिल्ममधले पहिलेच वाक्य कारण सांगते: ही आगीची घंटा आहे. दुसऱ्या वाक्यापासून फक्त कृती. 'घाबरू नका' हे वाक्य संहितेत कुठेही ठेवू नये. ते ऐकताच मूल घाबरण्यासारखे काय आहे ते शोधू लागते आणि त्या वाक्यात करण्यासारखे काहीच नसते. 'उभे राहा', 'रांग करा', 'कठड्याला हात लावून उतरा' ही वाक्ये मुलाच्या हातापायांना काम देतात. एका वाक्यात एकच काम असावे आणि वाक्यानंतर ते काम करायला लागतो तेवढा वेळ शांतता असावी. निवेदन मिनिटाला शंभरेक शब्दांपलीकडे जाऊ देऊ नये. वर्गात पंखा चालू असतो, शेवटच्या बाकावर आवाज विरतो. जपानमधल्या शाळांत मुलांना लहानपणापासून चार नियम पाठ करून घेतात: ढकलू नका, धावू नका, बोलू नका, मागे फिरू नका. चारही नियम नकाराचे आहेत, पण तिथे ते वर्षानुवर्षे तालमीतून अंगवळणी पडतात. आपल्याकडे फिल्म पहिल्यांदाच बघणाऱ्या मुलाला काय करायचे ते आधी सांगितलेले बरे.

आवाज कुणाचा? शाळेतल्याच बाईंचा किंवा सरांचा, मुलांच्या ओळखीचा. आणखी एक पथ्य पाळावे. फिल्ममधली वाक्ये तालमीच्या दिवशी शिक्षकांनी जशीच्या तशी उच्चारावीत. पडद्यावर 'रांग करा' आणि वर्गात 'चला, चला, लवकर' असे झाले तर पाहिलेले सगळे वाया जाते. टोलही शाळेचाच, खराखुरा ध्वनिमुद्रित करावा. तास संपल्याचा टोल आणि आगीचा टोल यांतला फरक कानाने कळला पाहिजे. विजेची घंटा असेल तर तिच्या जोडीला हाताने वाजवायची पितळी घंटाही फिल्ममध्ये वाजली पाहिजे, कारण आगीत पहिल्यांदा बंद करायची असते ती वीज.

आता नकाशा. बहुतेक शाळांत इमारतीचा वरून काढलेला आराखडा भिंतीवर टांगलेला असतो आणि तो कुणी वाचत नाही. वरून पाहिलेला व्हरांडा आठ-दहा वर्षांच्या मुलाला ओळखू येत नाही. म्हणून दृश्याची सुरुवात मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून करावी: वर्गाच्या दारात उभे राहून डावीकडे दिसणारा व्हरांडा, खांब, सूचनाफलक, मग जिना. त्याच चित्रावर बाण उमटू द्यावा. हे दोनदा पाहिल्यावरच कॅमेरा वर गेल्यासारखा आराखडा दाखवावा. तोही असा फिरवलेला, की मूल ज्या दिशेला तोंड करून बसले आहे तीच दिशा चित्रात वर येईल. 'तुम्ही इथे आहात' हा ठिपका नसेल तर आराखडा नुसती नक्षी ठरते.

मार्ग हिरवा असावा. बाहेर पडण्याच्या खुणांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात हाच रंग ठरलेला आहे. धावत्या माणसाचे हिरवे चित्र चित्रपटगृहाच्या दारावर सगळ्यांनी पाहिलेले असते. लाल रंग बंद वाटेसाठी राखून ठेवावा. तरीही नुसत्या रंगावर विसंबू नये, कारण प्रत्येक शाळेत लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे एखादे तरी मूल असू शकते. चालू वाट सलग रेषेने आणि सरकत्या बाणांनी दाखवावी, बंद वाटेवर ठळक फुली मारावी. एका वेळी पडद्यावर एकाच वर्गाचा मार्ग असावा. बाराही वर्गांच्या रेषा एकदम उमटल्या की कुणाचीच रेषा कुणाला सापडत नाही. बाणाचा वेगही खरा ठेवावा. वरच्या कोपऱ्यातल्या वर्गातून जिन्यापर्यंत चालायला २० सेकंद लागत असतील, तर पडद्यावरही बाणाने २० सेकंद घ्यावेत. वेग खोटा असला की जिन्यावर थांबावे लागताच मुलांना काहीतरी बिघडले असे वाटू लागते.

या फिल्ममधला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग जिन्यावर घडतो. राष्ट्रीय इमारत संहितेत शाळेच्या जिन्याची किमान रुंदी दीड मीटर सांगितली आहे. एवढ्या रुंदीत मुलांच्या दोन रांगा शेजारी-शेजारी उतरू शकतात. आपल्या शाळेतल्या वरच्या दोन मजल्यांवर ३२० मुले आहेत, म्हणजे दोन जिने मिळून प्रत्येकी १६०. गोंधळ होतो तो पहिल्या मजल्याच्या टप्प्यावर. वरून दुसऱ्या मजल्याची मुले येतात, व्हरांड्यातून पहिल्या मजल्याची, आणि दोन लोंढे एकमेकांना छेदतात. पडायची भीती असते ती इथेच.

यावर उपाय असा. दुसऱ्या मजल्याची मुले आपल्या मजल्यावरून निघतानाच एका रांगेत, आतल्या कठड्याच्या बाजूने उतरतात. पहिल्या मजल्याची मुले टप्प्यावर येऊन बाहेरची, भिंतीकडची बाजू धरतात. कठड्याकडची रांग वळणावर आतल्या आत वळते, त्यामुळे तिला दुसऱ्या रांगेला ओलांडावे लागत नाही आणि कुणालाच कुणासाठी थांबावे लागत नाही. एका रांगेतले मूल दर दीड सेकंदाला एका पायरीवरून पुढे जाते असे धरले, तर रांगेतली ८० मुले दोन मिनिटांत खाली येतात. फिल्ममध्ये हे दृश्य कॅमेरा टप्प्याच्या वरच्या बाजूला धरून एकदा खऱ्या मुलांसह आणि एकदा दोन रेषांच्या चित्राने दाखवावे. संहितेतला तो तुकडा असा असेल:

दृश्य: पहिल्या मजल्याचा टप्पा. कठड्याकडून वरच्या मजल्याची रांग येते. भिंतीशी शिक्षिका उभ्या आहेत, त्यांचा हात खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे आहे.
निवेदन: "वरून येणारे, कठड्याला हात. (थांबा) व्हरांड्यातून येणारे, भिंतीला हात. (थांबा) पुढच्या मुलाच्या पाठीकडे बघा. चालत राहा."
दृश्य: जिन्याचे तळचे जाळीचे दार, पूर्ण उघडलेले, साखळीने भिंतीला अडकवलेले.

जिना जुना आणि अरुंद असेल तर दोन रांगांचा हट्ट धरू नये. तिथे मजल्यांच्या पाळ्या लावाव्या लागतात आणि वेळ वाढतो.

पण आपल्या उदाहरणात आग पहिल्या जिन्याच्या पायथ्याशी आहे. म्हणजे एकच जिना उरतो. तेच गणित पुन्हा मांडले तर ३२० मुलांना दोनऐवजी चार मिनिटे लागतात. फिल्मच्या उत्तरार्धात नेमके हेच दाखवायला हवे: पहिल्या जिन्यावर लाल फुली, टप्प्यावरच्या शिक्षिकेने दोन्ही हात आडवे केलेले, आणि रांग तिथूनच वळून व्हरांड्यातून दुसऱ्या जिन्याकडे निघालेली. दर तालमीत एकच वाट वापरणारी मुले ती वाट बंद झाली की तिथेच खोळंबतात. अमेरिकेत शिकागोच्या 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' शाळेत १ डिसेंबर १९५८ रोजी हाच घात झाला. जिन्यात लागलेल्या आगीचा धूर वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात भरला आणि बाहेर पडायची नेहमीची वाट नाहीशी झाली. ९२ मुले आणि ३ शिक्षिका मरण पावल्या. म्हणून तिसरी शक्यताही फिल्ममध्ये अर्ध्या मिनिटात दाखवावी. दार उघडण्याआधी शिक्षक उलट्या हाताने ते गरम आहे का पाहतात. गरम असेल किंवा व्हरांड्यात धूर असेल तर दार बंदच ठेवतात, फटीत ओले कापड कोंबतात आणि मुलांना खिडकीपाशी खाली बसवतात. एक जण खिडकीतून रंगीत कापड हलवत राहतो.

शिकागोच्या त्या घटनेतून शिक्षकांच्या कामांविषयीही एक मोठा धडा मिळतो. धूर दिसल्यावर एक शिक्षिका परवानगीसाठी मुख्याध्यापिकेला शोधत गेली. मुख्याध्यापिका कार्यालयात नव्हत्या, त्या बदली तासावर होत्या. ती शिक्षिका परतली आणि तिने आपला वर्ग स्वतःच बाहेर काढला, पण मोलाचा वेळ गेला होता. संहितेत म्हणूनच ठळकपणे असावे: धूर किंवा आग ज्याला प्रथम दिसेल तो घंटा वाजवेल. शिपाई असो, स्वयंपाकाच्या मावशी असोत, नाहीतर सातवीतली मुलगी असो, कुणालाही विचारायचे नाही.

दुसरी गोष्ट, कामे माणसांच्या नावावर न लावता खोल्यांवर लावावीत. 'पाचवी अ च्या वर्गशिक्षिका' असे लिहिले आणि त्या वेळी तिथे गणिताचे सर असले, तर कोण कुणाला नेणार? खोली क्रमांक ५ मध्ये त्या क्षणी जे शिकवत असतील ते खोली क्रमांक ५ चे. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर त्या खोलीचे काम तीन ओळींत लिहिलेले असावे आणि फिल्ममध्ये कॅमेऱ्याने तो पुठ्ठा जवळून दाखवावा. जिन्यालगतच्या खोलीवरच्या शिक्षकांना एक काम जास्त असते. आपला वर्ग ते शेजारच्या वर्गामागे लावून देतात आणि स्वतः टप्प्यावर उभे राहतात. खालचा जिना मोकळा आहे की नाही हे ठरवणारे डोळे त्यांचेच.

शिक्षकांनी रांगेच्या पुढे असावे की मागे, यावर शाळाशाळांत वाद होतात. टप्प्यावर माणूस उभा असेल तर मोठ्या वर्गांत शिक्षकांनी मागेच राहावे, हे अधिक सुरक्षित. पुढे मॉनिटर चालतो. शिक्षक बाकांखाली नजर टाकतात, कुणी राहिले नाही याची खात्री करतात, दार ओढून घेतात पण कडी लावत नाहीत. बंद दारामुळे धूर अडतो. पहिली-दुसरीची मुले मात्र शिक्षकांच्या पाठीमागेच चालतात, म्हणून तिथे बाई पुढे आणि मदतीला नेमलेली मोठी मुले मागे. व्हीलचेअर वापरणाऱ्या किंवा चालताना आधार लागणाऱ्या मुलाचा वर्ग मुळातच तळमजल्यावर हवा. तसे नसेल तर त्याच्यासोबत कोणती दोन मोठी माणसे असतील हे फिल्ममध्ये दिसले पाहिजे.

बाकीच्यांची कामे थोडक्यात सांगता येतात. शिपाई जाळीची दारे आणि मोठे फाटक उघडतो. स्वयंपाकाच्या मावशी जमले तर रेग्युलेटर बंद करून बाहेर येतात, आगीशी झुंजत बसत नाहीत. लिपिक मुख्य स्विच बंद करून अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर फोन लावतात आणि पत्ता सांगताना जवळची ठळक खूणही सांगतात. ऑफ तास असलेल्या बाई आणि सर स्वच्छतागृहे पाहतात. मुख्याध्यापक फाटकापाशी उभे राहतात, कारण अग्निशमन दलाची गाडी आल्यावर अधिकाऱ्यांना माहिती देणारा माणूस एकच असावा.

मैदानावर पोहोचल्यावर फिल्म संपवण्याची घाई करू नये. मोजणी हा अर्धा कारभार आहे. हजेरी सकाळी घेतलेली असते, आणि मधल्या सुट्टीनंतर दोन मुले घरी गेलेली असू शकतात. फळ्यावरचा 'हजर' आकडा दुपारी पुन्हा लिहायची सवय त्यासाठीच लावावी. मॉनिटरने तो पाठ ठेवावा. वर्गात ३७ असतील तर मैदानावर ३७ मोजले की शिक्षक हिरवे कार्ड वर धरतात, एक जरी कमी असेल तर लाल. क्रीडाशिक्षक एका नजरेत बारा कार्डे पाहतात. लाल कार्ड दिसले तर त्या मुलाचे नाव आणि ते शेवटचे कुठे दिसले ही माहिती अग्निशमन अधिकाऱ्यांना दिली जाते. कुणीही शिक्षक आत परत जात नाही. हे वाक्य निवेदनात शिक्षकांना उद्देशून, मुलांसमोरच म्हटले जावे.

जमायचे कुठे, हेही नावानिशी सांगायला हवे. जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेची मुले शिस्तीत अंगणात जमली. शाळेच्या आपत्ती पुस्तिकेत पुढचे ठिकाण म्हणून जवळची मोकळी जागा किंवा बाग एवढेच मोघम लिहिले होते. कुठे जायचे ते ठरेपर्यंत सुमारे ५० मिनिटे अंगणात गेली आणि त्सुनामी आली. ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. पुढे न्यायालयाने या आधीच्या अपुऱ्या तयारीबद्दल प्रशासनाला जबाबदार धरले आणि २०१९ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्याच दिवशी कामाइशी शहरातल्या मुलांनी, वीज जाऊन ध्वनिक्षेपक बंद असतानाही, ठरलेली जागा गाठली. तिथेही धोका दिसल्यावर ती आणखी वर गेली आणि वाचली. आपल्या फिल्ममध्ये म्हणून दोन जागा हव्यात: वडाच्या झाडाजवळ पहिली, आणि धूर तिकडे येऊ लागला तर मागच्या फाटकाबाहेरचे ग्रामपंचायतीचे पटांगण ही दुसरी. भूकंपासाठी वेगळी फिल्म करावी. तिथे हादरे थांबेपर्यंत बाकाखाली बसायचे असते, आणि दोन्ही सूचना एकत्र सांगितल्या तर मुले आगीतही बाकाखाली शिरतील.

चित्रीकरणाच्या दिवशी शाळेतल्या कितीतरी गोष्टी पहिल्यांदाच उघड होतात. जाळीच्या दाराला कुलूप असते आणि किल्ली शिपायाच्या खिशात, शिपाई बँकेत. जिन्याखाली मोडके बाक रचलेले असतात. प्राथमिक वर्गांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग असतो. घंटा वाजताच निम्मी मुले त्या ढिगात आपली चप्पल शोधायला वाकतात आणि मागची त्यांच्यावर आदळतात. चपला दारापासून दूर, भिंतीलगत एका ओळीत ठेवायच्या आणि निघताना तिथेच सोडायच्या, हे फिल्ममध्ये दाखवावेच लागते. मग उन्हाळ्यात तापलेल्या मैदानावर अनवाणी मुलांना उभे करता येत नाही हेही लक्षात येते, आणि जमण्याची जागा सावलीत का हवी ते कळते.

कुंभकोणमच्या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले, की मुलांच्या शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. तेव्हा पालकांनी पुढच्या पालकसभेत ही फिल्म पाहायला मागावी. नसेल तर शाळेसोबत बसून ती तयार करावी. असेल तर दोनच गोष्टी तपासाव्यात: जाळीच्या दाराची किल्ली शाळेच्या वेळात कुठे असते, आणि आपल्या मुलाच्या वर्गाचा दुसरा मार्ग फिल्ममध्ये आहे का. जूनमध्ये वर्गांच्या खोल्या बदलल्या की मागच्या वर्षीची फिल्म चुकीची ठरते, म्हणून शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत ती नव्याने चित्रित करून घ्यावी.